साच्यातली जागा

माती तपासायच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं मी नमुने वाळवले, चाळले, तोलले. वर आमचे प्रमुख असलेल्या सरांचे शोधनिबंध पाठवण्याजोगे करणंही माझ्याच गळ्यात पडलं. सर साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितात. शीर्षक वगैरे तपशील वेगळ्या छोट्या फाइलीत भरतात. मी पॅनडॉक या फाइलींचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रॅमला एक कमांड द्यायची, की दोन्ही फाइली माझ्या मांडणीच्या साच्यात बसून नियतकालिकाला हवी तशी पीडीएफ तयार. साचाही मीच केलेला.

असे पाच निबंध गेले. एकातही माझे आभार नव्हते. दुसऱ्यानंतर मी सरांबरोबर चहा घेणं सोडलं आणि पाचव्यानंतर बदली मागितली. ती मिळालीही. आज माझा इथला शेवटचा दिवस, आणि त्यातच सहावा निबंध. मुदत पाचपर्यंत.

साडेतीनला पॅनडॉक अडला. तपशिलांची फाइल त्याला वाचता येईना. ती फाइल मी कधी उघडत नसे. सर भरायचे, मी कमांड द्यायची. आज उघडली. सरांनी शीर्षकात कोलन घातला होता आणि शीर्षक अवतरणचिन्हांत ठेवलं नव्हतं; पॅनडॉकला तेवढंही चालत नाही. मी चिन्हं लावली. खाली 'थँक्स' नावाची ओळ होती. पुढे माझं पूर्ण नाव, आणि 'यांच्याशिवाय एकही मोजमाप झालं नसतं.'

पीडीएफ काढली. त्यात ती ओळ नव्हती. पॅनडॉकने चकार शब्द काढला नाही.

जुने पाचही फोल्डर उघडले. पाचही ठिकाणी माझं नाव होतं.

मग साचा उघडला. पॅनडॉकच्या मूळ साच्यात 'थँक्स'ला शीर्षकाजवळ जागा असते. सहा वर्षांपूर्वी त्यावरून माझा साचा करताना मीच फापटपसारा म्हणून बरंच छाटलं होतं, त्यात तीही गेली. साच्यात जागा नसली, की ओळ नुसती गळून पडते. मला स्वतःची लाज वाटली.

सर शेजारच्या टेबलावर आकडे तपासत होते. "सर, माझं नाव तुम्ही दरवेळी लिहीत होतात?"

"हो. छापून यायचं नाही. वाटलं, तुम्हीच काढता."

"विचारलं का नाहीत?"

"तुम्ही चहालाही येईनाशा झालात. विचारणार कसं?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बदलीच्या अर्जातही कारण लिहिलं नव्हतंत."

मी साच्यात जागा परत केली, पुन्हा कमांड दिली. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मी होते. पावणेपाचला निबंध गेला.

माझा डबा, चपला आणि जुना ॲप्रन पिशवीत भरून झालं होतं.

"चहा घेणार?" सरांनी मान वर न करता विचारलं.

"घेते," म्हटलं, आणि पिशवी खाली ठेवली.