एक तास आठ मिनिटांपासून

शनिवारी पाचच्या आत हॉस्पिटलला हो की नाही ते कळवायचं होतं, नाहीतर आईची गुरुवारची ऑपरेशनची तारीख दुसऱ्या कुणाला जाणार होती. दोन वर्षं दुखऱ्या गुडघ्यापायी उजवा पाय ओढत चालणाऱ्या आईने नाही म्हणायचं पक्कं केलं होतं. त्या नकाराचं मूळ होतं दोन तास सत्तेचाळीस मिनिटांच्या एका व्हिडिओत.

व्हिडिओ ज्याचा होता त्याला त्याचे प्रेक्षक गुडघेगुरू म्हणत. आई मात्र अदबीने ‘सर’ म्हणायची. जाड चष्मा, चौकडीचा शर्ट, मागे पुस्तकांचं शेल्फ आणि आवाज असा मायाळू, की ऐकणाऱ्याने अर्धं दुखणं तिथेच विसरावं.

मुलीचं कामच असल्या व्हिडिओंचं होतं. तिच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे लांबलचक व्हिडिओ बघत आणि जाहिरात कुठे सुरू होते, कुठे संपते, ती जाहिरात असल्याचं सांगितलंय की लपवलंय, हे सेकंदानिशी नोंदवत. हा व्हिडिओ तिने ऑफिसात नेला तेव्हा वरिष्ठ बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘घरचं प्रकरण तू तपासायचं नाहीस. प्रेक्षक म्हणून तक्रार कर, तपासणी दुसरं कुणीतरी करेल. वेळा मात्र अचूक लिही. दहा सेकंद इकडचे तिकडे झाले की ते लोक आपल्यालाच खोटं पाडतात.’

म्हणून शनिवारी जेवणं उरकल्यावर तिने टेबलावर लॅपटॉप मांडला. आई शेजारच्या खुर्चीत, पाय स्टुलावर.

‘तुला काय, सगळीकडे जाहिरातच दिसते,’ आई म्हणाली. ‘त्या दिवशी मावशीने लोणी घातलं तर म्हणालीस, डब्याचं नाव आपल्याकडे का केलंय?’

‘केलं होतंच तिने.’

‘अगं, हात ओला होता तिचा.’

हात ओला असण्याशी डबा वळण्याचा काय संबंध, हा प्रश्न मुलीने गिळून टाकला.

पहिली जाहिरात सरळ होती. एकतिसाव्या मिनिटाला गुरूने बूट हातात घेतले, कोपऱ्यात ‘सशुल्क प्रसिद्धी’ अशी पट्टी आली, सव्वादोन मिनिटांनी गेली. सगळं कायद्याने. तिला वाटलं, इतकं कायद्याने की बघणारा सैल पडावा. एकदा जाहिरात उघड दाखवली, की उरलेला वेळ माणूस निर्धास्त ऐकतो.

व्हिडिओतल्या बोलण्याचा लिखित मजकूर तिने काढला होता आणि त्यात कंपन्यांची नावं शोधली होती. बुटांखेरीज एकही सापडलं नव्हतं. पण एक तास बारा मिनिटं चाळीस सेकंदांवर शेल्फवर एक हिरवा डबा दिसू लागला, जो त्याआधी नव्हता.

‘गुडघ्यांसाठी मी स्वतः काय घेतो, असं तुम्ही विचारता,’ गुरू पडद्यावर हसला. ‘नाव नाही घेणार हं. नाहीतर म्हणाल, जाहिरात करतो.’ आणि मान किंचित मागे, डब्याकडे वळली.

‘बघ, नाव घेतलं नाही,’ आई म्हणाली. ‘लबाड माणूस असता तर घेतलं असतं.’

‘नाव घेतलं नाही म्हणून तर शोधाला सापडलं नाही. तुला कसं कळलं कुठला डबा ते?’

‘खाली लिहिलं होतं कुणीतरी. लिंकही होती.’

सगळ्यात वर चिकटवलेली ती कॉमेंट मुलीने उघडून दाखवली. लिंक आखूड केलेली होती, पूर्ण केल्यावर शेवटी आकड्याअक्षरांची शेपटी निघाली. बुटांच्या लिंकलाही हुबेहूब तीच. ‘ही खूण त्याची आहे, आई. इथून कुणी डबा घेतला की दुकानाला कळतं, गिऱ्हाईक कुणी पाठवलं. वाटा त्याला जातो.’

आईने चष्मा पुसला. ‘मग काय झालं? त्यालाही पोट आहे. डबा नाही घ्यायचा, संपलं. पण ऑपरेशनची घाई करू नका, असं त्याने सांगितलं ते तर डब्याच्या आधी. ते मनापासूनच होतं.’

इथे मुलगी अडली. आईचं म्हणणं तिच्याच नोंदीप्रमाणे बरोबर होतं. कागदावर तिने जाहिरातीची सुरुवात एक बारा चाळीस लिहिली होती. ऑफिसची पद्धतच तशी: वस्तू दिसली की तीस सेकंद मागे जायचं, दोन चित्रणांचा जोड सापडला तर तिथून धरायचं, नाहीतर वस्तू दिसली तिथून. ती तीस सेकंद मागे गेली होती. जोड नव्हता. आणि घाई करू नका, हा सल्ला त्याच्याही आधीचा.

सव्वाचार झाले होते.

‘दाखव बरं तो भाग,’ आई म्हणाली. ‘सरांच्याच तोंडून ऐकू दे तुला.’

मुलीने व्हिडिओ एक तास पाच मिनिटांवर नेला. गुरू मांडीच्या व्यायामाबद्दल बोलत होता. मग संगीताच्या तुकड्याबरोबर एक पाटी आली, ‘प्रेक्षकांचा प्रश्न: ऑपरेशन करू का?’ पाटी गेली, गुरू पुन्हा दिसला. ‘घाई करू नका. गुडघा एकदा कापला की कापला...’

आई खुर्चीत पुढे सरकली. पाय स्टुलावरून कधी उतरला तिलाच कळलं नाही. ‘थांबव. मागे ने. पाटीच्या आधी.’

तयार कपड्यांच्या कारखान्यात आईने एकतीस वर्षं शर्ट तपासले होते.

‘खिसा बघ,’ ती म्हणाली. ‘इथे खिशाच्या चौकडी अंगाच्या चौकडीशी जुळल्यात. रेघ सरळ खिशातून पलीकडे जाते. आता पुढे ने.’ मुलीने नेलं. ‘आणि इथे? बोटभर खाली उतरलाय खिसा. असला शर्ट मी परत पाठवला असता.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे कापड एक आणि शर्ट दोन. मध्येच उठून कुणी दुसरा शर्ट घालतो का?’

मुलीने पाटीच्या दोन्ही बाजूंचा आवाज वेगळा काढून ऐकला. आधी पंख्याची बारीक घरघर होती, शब्दांच्या मधल्या जागांत सतत ऐकू येणारी. पाटीनंतर ती नव्हती. जोड संगीताखाली झाकला होता. घरघर परतली ती थेट एक सोळा दहाला, डबा नाहीसा झाला तिथे. खिसाही परत जुळला.

‘सात मिनिटं पंचावन्न सेकंद,’ मुलगी म्हणाली. ‘एक तास आठ पंधरा ते एक सोळा दहा. एकाच दिवशी, एकाच बैठकीत केलेलं आणि मागाहून शिवलेलं.’

‘म्हणजे घाई करू नका हे...’

‘डब्याबरोबरचं आहे.’

आईने थांबवलेल्या चित्रातल्या खिशावर बोट ठेवलं. गुरूचं तोंड अर्धं उघडं होतं. ‘शिवण तरी नीट घालायची,’ ती पुटपुटली. मग म्हणाली, ‘तुझ्या कागदावरची वेळ बदल आधी.’

मुलीने एक बारा चाळीस खोडून एक आठ पंधरा लिहिलं, कारणाच्या जागी लिहिलं, ‘सल्ला आणि वस्तू एकाच भागात.’ लिहून होईतो आईने हॉस्पिटलचा नंबर लावलाही होता.

‘गुरुवारच्या गुडघ्याबद्दल बोलतेय,’ ती फोनवर म्हणाली. ‘एक विचारायचंय. तुमचे डॉक्टर जो सांधा बसवतात, तो कुठल्या कंपनीचा? आणि त्या कंपनीशी त्यांचं काय आहे?’

पलीकडे कुणीतरी थांबायला सांगितलं असावं. आईने फोनवर हात ठेवला. ‘बघ, उत्तर द्यायला किती वेळ लागतोय. घड्याळ लाव.’

‘आई, पावणेपाच झालेत. आधी हो म्हण, मग विचार.’

‘विचारल्याशिवाय कशी म्हणू? तूच तर शिकवलंस.’

पलीकडचा आवाज परत आला. आईने तो भुवया आवळून ऐकला, कंपनीचं नाव मागून घेतलं आणि तक्रारीच्या कागदाच्या मागे लिहिलं. ‘आणि दुसऱ्या प्रश्नाचं? ते डॉक्टरच सांगतील, बुधवारी? बरं. बुधवारी समोर बसूनच विचारते,’ ती म्हणाली. ‘हो, गुरुवार ठेवा. येतेय मी.’

फोन ठेवून तिने तो कागद मुलीकडे सरकवला. ‘बुधवारपर्यंत हेही बघून ठेव.’