फोन न आलेली वस्ती

सकाळी साडेनऊपर्यंत तहसील कचेरीतल्या पूर नियंत्रण कक्षात बावीस फोन आले होते आणि बावीसही तालुक्याच्या गावातल्या नदीकाठच्या वॉर्डातून. तलाठी माधवी रामटेके प्रत्येक फोन वहीत उतरवत होती. अंगणात पाणी. पायरीवर पाणी. गाडी बुडाली. बोट कधी येते.

कक्षाकडे बोट एकच होती, रबरी, मोटार लावलेली. ती जलालुद्दीन चालवायचा. एरवी बाजारात त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान. पावसाळ्यात तो कचेरीच्या रोजावर. नायब तहसीलदार प्रवीण सर बोट वॉर्डात नेण्याचा आदेश देऊन फोनवर दुसरीकडे बोलत होते. प्राणहितेची पातळी धोक्याच्या खुणेच्या अर्धा मीटर वर गेली होती, आणि वरच्या धरणातून सोडलेलं पाणी तीन वाजेपर्यंत इथं पोचणार होतं.

माधवीनं वहीची पानं मागं उलटली. मग पुढं. कोडेवाही टोला या नाल्यापलीकडच्या वस्तीचं नाव कुठंच नव्हतं.

"सर, टोल्यातून एकही फोन नाई आला."

"मग बरंच हाये की."

"बरं नाई सर. काल संध्याकाळपासून तिथली लाइन गेलेली हाये. टॉवरची बॅटरी किती वेळ चालणार? आपण सकाळी इशाऱ्याचा मेसेज टाकला, तो पोचलाच नाई."

प्रवीण सरांनी फोन बाजूला ठेवला. मागच्या उन्हाळ्यात माधवीनं दोन्ही ठिकाणी पाहणी केली होती. नकाशावर वॉर्ड आणि टोला एकाच रंगात होते, कारण दोन्हीची जमीन नदीपासून सारख्याच उंचीवर. पूर आला तर दोन्हीकडे सारखंच पाणी येणार होतं. फरक बाकी रकान्यांत होता. वॉर्डात एकशे चाळीस घरं, जवळपास सगळी सिमेंटची, निम्म्याहून जास्त दुमजली. टोल्यात एकोणीस घरं, त्यातली सतरा मातीच्या भिंतींची. वॉर्डातून निघायला तीन रस्ते. टोल्याला एक, तोही नाल्यावरच्या रपट्यावरून, बुटक्या फरशीपुलावरून.

"नदी चढली की नाल्याचं पाणी तिच्यात जात नाई, उलट नदीच नाल्यात घुसते," माधवी म्हणाली. "रपटा आधी बुडते. मग टोल्याच्या चारी बाजूनं पाणी. वॉर्डातले लोक माडीवर जातील सर. टोल्यातल्यायले माडी नाई. अन् मातीची भिंत पाण्यात तीन-चार तास राह्यली की बसते."

"अन् तिथी सगळे ठीक असले तर? वॉर्डातले लोक मले सोडतील काय? आमदाराचा फोन दोनदा येऊन गेला."

"वहीत लिहा सर. बोट मी मागितली म्हणून लिहा."

दाराशी उभा असलेला जलालुद्दीन हे ऐकत होता. त्याचं घर त्याच वॉर्डात, एकमजली. त्याची आई सुलताना गुडघ्यांमुळे चालू शकत नव्हती. त्यानं खिशातून फोन काढला आणि मुलीला लावला.

"अरीबा, दादी कुठी हाये?"

त्यानं स्पीकर लावला. मुलीचा आवाज आला, "शेजारच्या माडीवर, अब्बू. दोघांनी खुर्चीत बसवून नेलं. चहा पिऊन राह्यली. तुम्ही कधी येऊन राह्यले?"

जलालुद्दीननं प्रवीण सरांकडं पाहिलं.

"माझी मां माडीवर हाये, सर," तो म्हणाला. "मी टोल्यात जातो."

प्रवीण सरांनी वही ओढली. वेळ लिहिली, खाली सही केली. "वॉर्डात मी ट्रॅक्टर पाठवतो. दोन वाजेपर्यंत बोट परत पायजे."

पिकअपमध्ये बोट टाकून माधवी आणि जलालुद्दीन निघाले तेव्हा दहा वाजून गेले होते. सोबत ड्रायव्हर आणि अश्विन नावाचा पोलीस शिपाई होता. पुढं अकरा किलोमीटरला तास लागला. एका ठिकाणी सागाचं झाड आडवं पडलेलं, ते तिघांनी कुऱ्हाडीनं तोडलं. वाटेत एक दुसरा नालाही ओलांडावा लागला. पाणी रस्त्याला लागलं होतं, पण चाकाच्या निम्म्यापर्यंतच.

टोल्याच्या नाल्याशी पोचले तेव्हा रपटा दिसतच नव्हता. कठड्याचे दोन दगड तेवढे वर होते, आणि पाणी नदीकडं जायच्या ऐवजी नदीकडून आत येत होतं. तपकिरी, जड, फांद्या घेऊन. पलीकडं झाडांमागून कोणीतरी थाळी वाजवत होतं. थांबून थांबून.

जलालुद्दीननं बोट वरच्या बाजूनं घातली आणि प्रवाहानं ढकलू दिली. मध्यावर एक ओंडका मोटारीवर येऊन आदळला. मोटार बंद पडली. बोट गरकन फिरली. माधवीनं बोटीच्या कडेची दोरी घट्ट धरली आणि डोळे मिटले नाहीत, कारण मिटले असते तर उघडायची हिंमत झाली नसती. अश्विन वल्ह्यानं ओंडका लोटत होता. जलालुद्दीननं तीनदा मोटारीची दोरी ओढली. चौथ्यांदा मोटार लागली.

टोल्यात शाळेचं जोतं तेवढं उंच होतं. त्याच्या व्हरांड्यात सगळं गाव उभं होतं, म्हातारे भिंतीशी, पोरं मधे. पुढं पायरीवर थाळी घेऊन बुधरी आत्राम. टोल्याची आशा सेविका. माधवी तिला ओळखत होती. उन्हाळ्यातल्या पाहणीत तीच घरोघर घेऊन फिरली होती.

"सत्तरवर तीन हायेत," बुधरी लगेच म्हणाली. "मोजून ठेवले. पहाटे नाला उलटा वाह्यला, तवाच मी सगळ्यायले उठवलं. कोणाचं ऐकलं नाई."

"सगळे इथीच हायेत ना?"

बुधरीनं आतल्या कोपऱ्याकडं हात केला. तिथं खाटेवर डोलू मट्टामी पडला होता, साठीतला माणूस, आणि त्याची बायको त्याच्या रक्ताळलेल्या मांडीला लुगड्याचा पट्टा करकचून आवळून बसली होती. तो सकाळी वर आला होता. मग परत गेला. घरात चार शेळ्या आणि पेरणीतून उरलेलं धान होतं. शेळ्या त्यानं सोडल्या. धान साठवायच्या ढोलीला हात घातला आणि मागची भिंत त्याच्यावर बसली. पाच जणांनी माती उकरून त्याला काढलं होतं, अर्ध्या तासापूर्वी.

"नको जाऊ म्हटलं होतं मी," बायको म्हणाली. "तर म्हणे, मग खायचं काय?"

पहिल्या फेरीत डोलू, त्याची बायको आणि चार लहान पोरं गेली. पिकअपचा ड्रायव्हर डोलूला घेऊन लगेच निघाला. अहेरीला मोठा दवाखाना होता.

मग फेऱ्या. एका वेळी सात-आठ जण. बोट पलीकडं जायची, रिकामी परत यायची, आणि तेवढ्यात पाणी एक पायरी वर आलेलं असायचं. माधवी व्हरांड्यात राहून नावं घेत होती. पाचव्या फेरीनंतर समोरचं एक घर बसलं. आवाज फार झाला नाही. भिंत आधी फुगली, मग खाली सरकली, आणि छप्पर पाण्यावर तरंगत राहिलं. ते घर बुधरीचं होतं. तिनं तिकडं पाहिलं आणि पुढच्या बाईच्या कडेवरचं पोर घेतलं.

आठव्या फेरीला व्हरांड्यात घोट्याएवढं पाणी होतं, दहाव्याला गुडघ्याएवढं. शेवटी बुधरी, माधवी आणि तीन म्हातारे उरले. जलालुद्दीननं परत येऊन बोट व्हरांड्याशी लावली.

"बसा बाई," तो म्हणाला, "आता अजून एकदा इकडं यायची ताकद नाई."

पलीकडं पोचले तेव्हा अडीच वाजत होते. रस्त्याच्या उंचवट्यावर सगळे बसले होते. पिकअप मात्र तिथं दिसली नाही, परत आलेली नव्हती. नेटवर्क नसल्यानं काही कळत नव्हतं. तासाभरानं ड्रायव्हर चालत आला. सकाळी चाकाच्या निम्म्यापर्यंत असलेला तो वाटेतला नाला आता गाडीच्या बोनेटवर गेला होता. अलीकडं गाडी अडली, तिथं फोन लागल्यावर ड्रायव्हरनं बोलावलेली ॲम्ब्युलन्स पलीकडं येऊन उभी राहिली. मधे तीस फूट पाणी. दोन्हीकडचे लोक एकमेकांना दिसत होते.

"हाका मारून राह्यलो आम्ही," ड्रायव्हर म्हणाला. "त्यायनं दोरी फेकून पाह्यली. नाई जमलं. पाऊण तास झाला, अन् मग..." तो खाली बसला. "बाईले समजलं नाई आधी. ती पाय दाबूनच बसली होती."

बुधरी उठून त्याच्याबरोबर चालत गेली. डोलूच्या बायकोजवळ कोणीतरी हवं होतं.

बोट त्या वाटेतल्या नाल्यापर्यंत आणून पाण्यातून पलीकडं काढली, तिथून ट्रॅक्टरवर टाकली; वॉर्डात ती दोनला पोचली नाही, सहाला पोचली. लोकांनी प्रवीण सरांना घेराव घातला, बरंच बोलले. तिथं कोणी दगावलं नव्हतं. सुलताना माडीवरून खुर्चीत बसूनच खाली आली.

पाणी उतरल्यावर माधवी पंचनाम्याला दोन्हीकडं गेली. वॉर्डातल्या भिंतींवर गाळाची रेघ जमिनीपासून सव्वाचार फुटांवर होती. लोकांनी फ्रिज, सोफे, मोटारसायकली लिहून दिल्या. आठवड्यात दुकानं उघडली. टोल्यात शाळेच्या भिंतीवर टेप लावली, जमिनीपासूनच. सव्वाचार फूट. एकोणीसपैकी बारा घरं पडली होती, त्यातली चार पाणी उतरल्यावर. ओल भिंतीत तशीच राहिली होती.

अहवालाच्या नमुन्यात एक रकाना होता: पूर्वसूचना दिली का. वरच्या सगळ्या गावांसमोर 'होय' असं टाइप करून आलं होतं. माधवीनं टोल्यासमोरचं 'होय' खोडलं आणि लिहिलं, सकाळी सात चाळीसला संदेश पाठवला, टॉवर बंद असल्यानं पोचला नाही.

प्रवीण सरांनी ते वाचलं. "हे वर जाईल. मले विचारतील."

"मलेबी विचारू द्या. डोलू मट्टामीच्या समोर 'पुरात बुडून मृत्यू' असं लिहिलंय, तेही चुकीचं हाये सर. तो बुडाला नाई."

त्यांनी कागद पुढं ओढला. मग पेन काढून स्वतःच दुरुस्ती केली. घर कोसळून जखमी, रस्ता बंद असल्याने उपचार न मिळून मृत्यू. खाली सही केली.

ऑक्टोबरात माधवी पुन्हा टोल्यात गेली. घरं त्याच जागी उभी राहत होती, त्याच मातीची. बुधरी पायानं चिखल तुडवत होती.

"वरती टेकाड हाये ना," माधवी म्हणाली. "तिकडं का नाई बांधत?"

"ते जंगलखात्याचं हाये. दोनदा मागितलं. अन् शेत सोडून त्याच्याहून दूर कुठी जाणार?" बुधरी थांबली, पाय धुतले. "तुमी टेकाडाच्या जागेसाठी अर्ज लिहून देता काय? मराठी लिहिता येते मले, पण तुमच्यासारखं नाई येत."

दोघी शाळेच्या व्हरांड्यात बसल्या. माधवीनं कोरा कागद काढला. बुधरी एकेका घराचं नाव सांगू लागली, पहिलं डोलूच्या बायकोचं.