बुधवारचा चमत्कार

आमच्या चिक्कीच्या दुकानाचे मालक पुण्यात राहतात आणि दुकान मॅनेजर राजेंद्रभाऊ चालवतात. राजेंद्रभाऊंना आठवड्याचा रिपोर्ट मी करून देतो. काउंटरवर जो असेल त्याने दुकान बंद करताना बिलिंग अ‍ॅपमधल्या विक्रीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा आणि सोमवारी सकाळी मी ते सात आकडे शीटमध्ये उतरवायचे. आकडे थेट अ‍ॅपमधून घेऊ का, असं मी एकदा विचारलं होतं. भाऊ म्हणाले, "अ‍ॅपमध्ये काहीही दिसतं. स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा."

त्या सोमवारी पुराव्यानुसार बुधवारी एकोणसाठ हजार पाचशेची विक्री झाली होती.

लोणावळ्यात बुधवारी दुकानासमोर कुत्रीसुद्धा आडवी झोपतात. शनिवारी एकसष्ट हजार समजू शकतो, पण बुधवार? मी काही बोलणार तोवर भाऊंनी माझ्या खांद्यावरून शीट वाचलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर शोध लागल्याचं तेज आलं होतं.

"विक्की, बुधवारी काउंटरवर कोण नसतं?"

"शालनमावशी. त्यांची सुट्टी असते."

"बघ!" भाऊ म्हणाले.

टाकव्याहून येणाऱ्या शालनमावशी बारा वर्षं काउंटरवर आहेत. गिऱ्हाइकाला आधी गाव विचारतात, मग मुलं किती, मग चिक्की कुठली. भाऊंच्या मते इतक्यात माणूस पुण्याला पोचतो. त्यांनी मावशींना तिथल्या तिथे बोलावलं आणि उद्यापासून कामशेतच्या गोडाउनला पॅकिंग करायला सांगितलं.

"व्हय का," मावशी म्हणाल्या. "तितं कोण असतंय?"

"कोणी नाही. शांत आहे. शेंगदाणे आहेत."

"मी शेंगदाण्याला काय इचारू, तुजं गाव कुटलं?"

"आकडे बोलतात, मावशी."

"मग त्यांनाच बसवा काउंटरला."

एवढं बोलून त्यांनी काउंटरमागचं आपलं स्टूल उचललं आणि थेट गोडाउनहून माल घेऊन आलेल्या टेम्पोत चढवलं. ते स्टूल दुकानाचं होतं, पण सांगायची कोणाची हिंमत झाली नाही.

मी बुधवारचा फोटो पुन्हा उघडला. बिलं दोनशे सहा. बुधवारी काउंटरवर ओंकार होता. ओंकार एका बॉक्सला दोरी बांधायला जितका वेळ घेतो, तितक्यात दोनशे सहा बिलं झाली असती तर रांग खंडाळ्यापर्यंत गेली असती. सोमवारची बिलं चौऱ्याहत्तर, मंगळवारची एकोणसत्तर. दोन्ही वजा केली, त्रेसष्ट उरली. हा मात्र ओंकारचा वेग.

"ओंकार, या फोटोचं वरचं डोकं कुठंय?"

"कापलं."

"का?"

ओंकारने भाऊंकडे पाहिलं. दुकानाच्या फोनची बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली दिसली, तर काउंटरवर जो असेल त्याने सगळ्यांना स्वतःच्या खिशातून चहा पाजायचा, हा भाऊंचा नियम. बुधवारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ओंकार दिवसभर त्या फोनवर क्रिकेट खेळला होता.

"चार टक्के होती," तो म्हणाला. "म्हणून वरची पट्टी कापली. जरा जास्तच कापली गेली."

फोनच्या गॅलरीत न कापलेला फोटो अजून होता. बॅटरीच्या खाली, जिथे रोज 'आज' असतं, तिथे लिहिलं होतं, 'या आठवड्यात'. या आठवड्यात दुकानाची विक्री कुठवर पोचली ते बघून ओंकारने अ‍ॅपचा फिल्टर तसाच ठेवला होता. म्हणजे सोमवार, मंगळवार आणि बुधवार मिळून एकोणसाठ हजार पाचशे. अ‍ॅपमध्ये बुधवारची तारीख निवडली तर अठरा हजार दोनशे पन्नास. आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा.

भाऊंनी फोन उलटा करून काउंटरवर ठेवला. "शेठना मी कळवलंय," ते हळूच म्हणाले.

"काय कळवलंत?"

"की मावशी नसल्या की धंदा तिप्पट होतो."

"मग आता दुसरा मेसेज टाका," मी म्हणालो. "एकूणमधून एक्केचाळीस हजार दोनशे पन्नास कमी, सोमवार-मंगळवार दोनदा धरले गेले."

भाऊंनी मेसेज टाकला. मग ते स्वतः टेम्पोपर्यंत गेले. आत मावशी स्टुलावर बसून ड्रायव्हरला त्याचं गाव विचारत होत्या. तो सुदुंबऱ्याचा निघाला आणि त्याला मुली दोन होत्या.

"मावशी, उतरा. हिशोबात चूक होती. तुम्ही नव्हता त्या दिवशी विक्री सगळ्यात कमी झाली."

"मग शेटला तसंच कळवा. शालन असली की धंदा वाढतोय."

"तसं नाही म्हणता येत," भाऊ गंभीरपणे म्हणाले. "एका बुधवारावरून असं काही सिद्ध होत नसतं."

मावशी स्टूल घेऊन खाली उतरल्या.

"मगाशी तर लय झटक्यात व्हत व्हतं."