मोठ्या बर्नरची तक्रार

बर्नर दुरुस्त झाला तर मावशीचा रोजचा दीड तास वाचणार होता. पहाटे तीनऐवजी साडेचारला उठायचं आणि कारखान्यातल्या सात जणांचे डबे वेळेत पोचवायचे, एवढाच तिचा लोभ. शेगडी घरमालकाची, म्हणून तिने त्यालाच मेसेज करायला घेतला.

“नुसतं ‘ज्योत बारीक’ लिहू नकोस,” सोबत राहणारी भाची म्हणाली. “तो म्हणेल, फुंकर मारा. हिशेब दे.”

मावशीने मन लावून हिशेब दिला. “दादा, लहान बर्नर नीट चालतो. मोठ्याची ज्योत मात्र वरच येत नाही. दोन किलो तांदूळ शिजायला दीड तास लागतो, डाळीला त्याहून जास्त.”

घरमालक दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला घेऊन हजर. मिस्त्रीने गॅस सोडणारा जेट काढला, बारीक तारेने त्यातला मळ साफ केला. निळी ज्योत सरसरून वर आली. घरमालक मात्र पातेल्याकडे बघत होता.

“दोघी जणी दोन किलो भात खाता?”

“जास्त नाहीत हो दादा, सातच डबे आहेत.”

“सात का? मी पाचच धरले होते. करारात घरगुती स्वयंपाक लिहिलाय, मावशी. महिनाअखेर खोली सोडा.”

मावशी बरंच विनवत राहिली. भाचीला तोंड वर करवेना.

मिस्त्रीची मजुरी घरमालकाने दिली. खोली आणि साती डबे मावशीच्या हातून गेले.