पाच ताऱ्यांची वकील

अॅड. प्रियदर्शनी तायडे हिनं अकोल्यात स्वतःचं ऑफिस थाटलं तेव्हा तिच्या धाकट्या भावाला, स्वप्निलला, तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला. स्वप्निल अमरावतीला राजापेठेत डिजिटल मार्केटिंगचं काम करायचा. साड्यांची दुकानं, मंगल कार्यालयं, जिम, सगळ्यांना तो इंटरनेटवर चमकवून द्यायचा. बहिणीच्या ऑफिसात खुर्च्या कोणत्या घ्यायच्या, बाबासाहेबांची तसबीर कोणत्या भिंतीवर लावायची, हे सगळं त्यानंच ठरवलं. पंखासुद्धा स्वतः चढून बसवला.

पण खुर्च्यांवर बसायला कोणी येईना. प्रियदर्शनी सकाळी कोर्टात जायची, ओळखीच्या वकिलांचं एखादं किरकोळ काम करायची आणि दुपारी ऑफिसात येऊन पुस्तक उघडायची. स्वप्निल फोनवर विचारायचा, "ताई, आज कोणी आलं होतं का वं?" ती म्हणायची, "येतीन हळूहळू. वकिलीत बसावंच लागते." हे 'बसणं' स्वप्निलला काही पटत नव्हतं.

आणि मग एकाएकी फोन येऊ लागले. मूर्तिजापूरहून, अकोटहून, एक तर थेट वाशिमहून. "मॅडम, तुमचं नाव ऐकलं," एवढंच लोक म्हणायचे. प्रियदर्शनीला वाटलं, काळमेघ सरांनीच आपलं नाव सांगितलं असेल. भगवंतराव काळमेघ म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती काम शिकली ते ज्येष्ठ वकील. तिनं ऑफिस वेगळं केलं तेव्हा त्यांनी स्वतःचं कोर्टात घालायचं जुनं काळं जाकीट तिला दिलं होतं आणि म्हटलं होतं, "मापाचं नाई, पण शिवून घे." सरांचे उपकार कसे फेडायचे, याचाच ती विचार करत होती.

त्या सोमवारी स्वप्निल अकोल्याला आला होता. बहिणीला भरल्या ऑफिसात बघायचं होतं त्याला. तो कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसला आणि दारात एक बाई आली. तिशीपस्तिशीची, हातात कापडी पिशवी, उन्हानं चेहरा लाल झालेला.

"तायडे मॅडम तुमीच का? मी माया. हिवरखेडहून आली."

प्रियदर्शनीनं तिला पाणी दिलं, बसवलं. मायाचा नवरा तिला आणि मुलीला सोडून पुण्याकडे निघून गेला होता. खावटीची, म्हणजे पोटगीची, केस अकोल्याच्या कोर्टात होती, पण पुढे सरकत नव्हती.

"वकील हायत एक म्हातारे," माया म्हणाली. "नुसत्या तारखा घेऊन राहिले. मी म्हटलं, आता बस. मले तुमच्याचकडं केस द्यायची हाय. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव केसा जिंकता ना तुमी?"

प्रियदर्शनीला वाटलं, आपल्या कानांनीच काहीतरी चुकीचं ऐकलं.

"कोण म्हणालं?"

मायानं फोन काढून पुढे केला. प्रियदर्शनीनं स्वतःचाच फोटो पाहिला. कोट घातलेला, हात बांधलेले, मागे आकाश पेटलेलं. खाली मोठ्या अक्षरात: 'अकोल्यातील नंबर एक महिला वकील. घटस्फोट, खावटी, जमीन. ९८ टक्के यश. हमखास न्याय. आजच फोन करा.' त्याखाली पिवळे तारे आणि लोकांचे अभिप्राय. पिंटू नावाच्या माणसानं लिहिलं होतं, 'मॅडममुळे माझी जमीन परत मिळाली.' पिंटू म्हणजे स्वप्निलचा वर्गमित्र. त्याच्याकडे मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. जमीन त्याच्या आज्यालाही नव्हती.

कोपऱ्यात स्वप्निल हसत होता, दाद मिळेल या आशेनं.

प्रियदर्शनीनं फोन परत दिला. मग मायाच्या पिशवीतले कागद मागितले आणि पहिल्याच पानावर वकीलपत्रावरची सही पाहिली. भगवंतराव काळमेघ.

तिनं कागद मिटले. मग खुर्ची पुढे ओढली.

"मायाताई, मी तुमाले खरं सांगते. हे जे लिहिलं हाय ना, ते खोटं हाय. मी एकटीनं आजवर खावटीची एकही केस शेवटपर्यंत चालवली नाई. सरांच्या हाताखाली चालवल्या, काही जिंकल्या, काही हरल्या. नंबर एक वगैरे मी नाई. आणि कोणताच वकील हमखास जिंकून देतो असं सांगू शकत नाई. जो सांगते, त्याच्यावर भरोसा ठेवू नका."

मायानं फोन पिशवीत टाकला. मग तिचा आवाज चढला.

"मंग लिहिलं काहून? मी आजची मजुरी बुडवून आली. पोरीले शेजारणीपाशी ठेवलं. यष्टीत उभी राहून आली. हे वाचूनच आली ना मी?"

"बरोबर हाय तुमचं," प्रियदर्शनी म्हणाली.

"बरोबर हाय म्हणून काय होते? गरिबाची थट्टा करता का?"

स्वप्निलचं हसू कधीच गेलं होतं. तो उठून पुढे आला. "बाई, हे मी लिहिलं. ताईले माईत नव्हतं."

मायानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू वकील हायस?"

"नाई."

"मंग तुले काय माईत कोण किती जिंकते ते?"

स्वप्निलनं तिचा रिकामा पेला उचलून पुन्हा पाणी भरलं.

प्रियदर्शनीनं मायाला समजावलं, की केसमध्ये आधीच एक वकील असताना त्यांची संमती घेतल्याशिवाय दुसऱ्यानं उभं राहायचं नसतं. "तुमाले वकील बदलायचा पूर्ण हक्क हाय. पण आधी त्यांना भेटू. मी येते संगं. ते कोर्टातच असतीन."

मायाला चहा द्यायला तिनं समोरच्या टपरीवाल्याला हाक मारली आणि स्वप्निलला बाहेर जिन्यात नेलं.

"स्वप्न्या, हे काय करून ठेवलं तू?"

"ताई, तू रिकामी बसून राहायची. मले पाहवत नव्हतं. मंगल कार्यालयाचं करतो तसंच तुझं केलं. चांगल्या मनानं केलं."

"मन चांगलंच हाय तुझं. पण मी मंगल कार्यालय नाई. वकिलाले जाहिरात करता येत नाई, गिऱ्हाईक बोलावता येत नाई. माझ्या पाटीवरसुद्धा मी अमुक केसमध्ये तज्ज्ञ हाय असं लिहिता येत नाई. कोणी तक्रार केली तर बार कौन्सिलपुढं उभं राहावं लागीन. वकिलीची सनद अडकू शकते. 'मले माईत नव्हतं' हे मीच सिद्ध करायचं."

"असा कसा नियम? मंग लोकांना कळावं कसं?"

प्रियदर्शनीनं आतल्या बाजूला मान वळवली. "ती आली ना हे खोटं वाचून, मजुरी बुडवून. पाहिलं ना तू?"

स्वप्निल जिन्याच्या पायरीवर बसला. सहा फुटी पोरगा, गुडघे छातीशी घेऊन. लहानपणी शाळेत मार खाऊन आला की असाच बसायचा. प्रियदर्शनीचा राग तिथेच अर्धा झाला.

"ऊठ," ती म्हणाली. "काढ ते सगळं."

पैसे देऊन चालवलेली जाहिरात त्यानं जागच्या जागी बंद केली. मजकूर आणि फोटो काढला. अभिप्राय मात्र त्याला काढता येईनात. ज्यानं लिहिले त्यालाच ते पुसता येतात. मग त्यानं एकेका मित्राला फोन लावला. "पिंट्या, तुझी जमीन परत दे," असं तो म्हणाला तेव्हा प्रियदर्शनीला हसू दाबता आलं नाही.

काळमेघ सर कोर्टाच्या आवारात लिंबाखालच्या बाकावर डबा खात होते. समोर तिघं येऊन उभी राहिलेली पाहून त्यांनी भाकरी खाली ठेवली. प्रियदर्शनीनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. स्वप्निल मध्येच म्हणाला, "सर, चूक माझी हाय."

"मी वाचलं ते," सर म्हणाले. "बाररूममध्ये दाखवून राहिले होते एकमेकाले. एक म्हणाला, तक्रार करू. मी म्हटलं, थांबा, पोरगी स्वतः येईन."

"आणि आली नसती तर?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"तर मी आलो असतो. आणि जाकीट परत नेलं असतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी ते पाहिलं नाही असं दाखवून मायाकडे तोंड वळवलं. "बस माय. तुले वकील बदलायचा असन तर मी आत्ता सही करतो. राग नाई माझा."

"पण तारखा काहून पडतात, ते तर सांगा," माया म्हणाली.

सरांनी डबा बंद केला. मग हळू आवाजात म्हणाले, "नाई सांगितलं ना मी? सांगायला पाहिजे होतं." नवऱ्यानं पुण्यात घर बदललं होतं, समन्स परत आलं होतं. तो जिथे कामाला होता तिथला पत्ता शोधून त्यांनी पुन्हा समन्स काढण्याचा अर्ज दिला होता. तो मंजूरही झाला होता. हे सगळं त्यांनी एकेक कागद दाखवून मायाला सांगितलं. माया मधेमधे प्रश्न विचारत होती, चांगले नेमके प्रश्न.

शेवटी ती म्हणाली, "मंग राहू द्या. तुमीच चालवा. पण दर तारखेले मले सांगायचं."

"सांगीन. आणि मी विसरलो तर ही सांगीन." त्यांनी प्रियदर्शनीकडे बोट केलं. "तुझी हरकत नसन तर हिलेही संगं घेतो वकीलपत्रावर."

मायानं कागद गोळा करून प्रियदर्शनीच्या हाती दिले. "घ्या," ती म्हणाली. "खोटं लिहिलं होतं, पण तोंडावर खरं बोलली."

मायाला एसटी स्टँडवर स्वप्निलनं सोडलं. जाताना ती गाडीवर मागे बसून त्याला वाटभर झापत होती असं त्यानं नंतर सांगितलं. तिला बसायला जागा मिळेपर्यंत तो फलाटावर थांबला होता.

पुढच्या आठवड्यात त्यानं बहिणीसाठी इंटरनेटवर एक पान बनवलं, बार कौन्सिल वकिलाला जेवढी माहिती देऊ देते तेवढंच. नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक आणि तारीख, राज्य बार कौन्सिलचं नाव, शिक्षण, कामाचं क्षेत्र आणि दिलेली माहिती खरी असल्याचं निवेदन. फोटो नाही, तारे नाहीत.

"काहीच नाई वाटून राहिलं यात," तो कुरकुरला.

"सगळं हाय यात," ती म्हणाली.

ऑफिस लगेच भरलं नाही. कधी सरांकडून एखादी फाईल यायची, कधी नोटीस लिहून घ्यायला कोणी यायचं. मायाच्या नवऱ्याला समन्स मिळालं, तो हजर झाला आणि कोर्टानं अंतरिम खावटी बांधून दिली. त्या दिवशी मायानं हिवरखेडहून फोन केला, आधी सरांना आणि मग प्रियदर्शनीला. बोलली थोडंच. तिची पोरगी मात्र मागून मोठ्यानं काहीतरी सांगत होती.

दिवाळीच्या आसपास स्वप्निलचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"ताई, एक हॉस्पिटलवाले डॉक्टर आले होते. म्हणे, बऱ्या झालेल्या पेशंटचे व्हिडिओ टाक, 'खात्रीनं बरे करतो' असं लिही. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, तुमाले पण असं चालत नसन ना? आधी तुमच्या कौन्सिलचे नियम पाहू. ते चिडले. दुसऱ्याकडं गेले."

"मोठं गिऱ्हाईक होतं?"

"होतं ना वं."

प्रियदर्शनीनं फोन कानाशी घट्ट धरला.

"रविवारी ये," ती म्हणाली. "पाटोड्यांची भाजी करते तुझ्यासाठी. झणझणीत."

"आणि जास्त रस्सा," स्वप्निल म्हणाला. त्याच्या आवाजात पुन्हा जीव आला होता.