शिवरात्रीला द्यायची नोटीस

वच्छलामावशी शनिवारी सकाळी साडेअकराला माझ्या दुकानात आली, तेव्हा तिला काहीच घाई नव्हती. घाई नंतर झाली. तीपण माझ्यामुळंच.

पुंडलिकनगरला मेन रोडवर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. टायपिंग मी कुठं शिकलो नाय, मोबाइलवर बघून बघून बोटं बसवली. अर्ज, प्रतिज्ञापत्र, लग्नाचा बायोडेटा, काय पण करतो. कायद्यातलं मला कळत नाय, पण टाइप करताना प्रत्येक ओळ वाचावी लागते. तेवढीच माझी वकिली.

"बन्सी, एक नोटीस टाइप करून ठेव बाबा," मावशी म्हणाली. "बोर्ड काढून न्या म्हणून. द्यायची शिवरात्रीला. आत्ताच करून ठेवली म्हणजे वेरूळच्या जत्रेच्या गडबडीत राहायला नको."

बोर्ड म्हणजे तिच्या गच्चीवरचा जाहिरातीचा बोर्ड. आमच्या गल्लीत कुणाला पत्ता सांगायचा असला, तर त्या बोर्डाखालचं घर म्हणूनच सांगतात. मागच्या पाडव्याला सोनाजीकाकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, कंपनीशी करार केला. सगळ्यांना वाटलं एक लोखंडी पाटी लागंल. लागला तो दोन मजली सांगाडा. मागून त्याचे टेकू गच्चीभर पसरलेले, आणि सकाळचं ऊन अकरापर्यंत अडवलेलं.

मावशीला ऊन पाहिजे. ती आणि गल्लीतल्या दहा बायका मिळून उन्हाळ्यात कुरडया करतात. तीन दिवस गहू भिजवायचा, चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचा, आणि सकाळच्या पहिल्या उन्हात घालायचा. मागच्या वर्षी ऊन नव्हतं. चार पायल्या गव्हाच्या कुरडया आंबल्या. सरूबाई बोलून गेली होती, "वच्छला, औंदा जर बोर्ड राहिला तर आमी दुसरी गच्ची बघतो, रागवू नको." दुसरी गच्ची म्हणजे दुसऱ्या बाईचा गट. मावशीनं सात वर्षं जमवलेल्या बायका.

"करार आणलाय का?" मी विचारलं.

तिनं पिशवीतून स्टँप पेपर काढला. वर हळदीचं बोट लागलेलं.

मी वाचायला लागलो. मुदत एक वर्ष. मुदतीच्या तीस दिवस आधी मालकानं लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढं तीन वर्षं.

"मावशे, तीन वर्षं!"

"म्हणून तर नोटीस देतोय ना. महिनाभर आधी द्यायचीय. पाडवा ते पाडवा साल. शिवरात्रीला दिली की पाडव्याला महिना भरतो. ह्यांनी बरोबर मोजलंय."

आता सोनाजीकाकांचं मोजणं काय, ते सांगतो. काका तरुणपणी फुलंब्रीकडं एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालगडी होते. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू आणि पाडव्याला संपतं. तारीख कोण बघतंय. पुढं चिकलठाण्याला कंपनीत गेटवर वीस वर्षं काढली, पण साल म्हणलं की डोक्यात पाडवाच.

करारात मात्र पाडव्याचं नाव नव्हतं. मुदत दिनांक २२ मार्च २०२३ ते २१ मार्च २०२४.

मी कॅलेंडरकडं बघितलं. औंदाचा पाडवा ९ एप्रिलला. मागच्या वर्षीचा २२ मार्चला होता. पाडवा पुढं सरकला, करार जागेवर होता. शिवरात्र ८ मार्चला. म्हणजे शिवरात्रीला नोटीस दिली असती तर करार संपायला तेरा दिवस राहिले असते.

मावशीला सांगितलं, तर ती स्टुलावर बसलीच.

"मग गेलं का रे?"

"थांब, मोजू दे."

२१ मार्चातून तीस दिवस मागं. मार्चचे एकवीस गेले की फेब्रुवारीचा शेवट, आणि यंदा फेब्रुवारी एकोणतीसचा. अजून नऊ मागं. वीस फेब्रुवारी. मंगळवार. आज सतरा.

"आहे मावशे, मंगळवारपर्यंत आहे!" मी ओरडलोच. तिनं देवाला हात जोडले. मी चहा सांगितला. लई हुशारी वाटली स्वतःची, खरं सांगतो.

चहा आला आणि मी उरलेली ओळ वाचली. अर्धीच वाचली होती मी. "सूचना कंपनीच्या कार्यालयात मुदतीच्या शेवटच्या दिवसापूर्वी पूर्ण तीस दिवस आधी पोचली पाहिजे. सूचना पोचल्याचा दिवस व मुदतीचा शेवटचा दिवस तीस दिवसांत धरला जाणार नाही."

दोन्ही टोकं सोडायची. मधले तीस पूर्ण पाहिजेत. मी पेन घेऊन कॅलेंडरवर टिकल्या मारत मागं गेलो. २० मार्चपासून १ मार्चपर्यंत वीस. मग फेब्रुवारी. एकोणतीस, अठ्ठावीस, सत्तावीस... दहावी टिकली पडली वीस तारखेवर. म्हणजे नोटीस त्याच्या आधी पोचायला पाहिजे. एकोणीसला.

एकोणीसच्या चौकोनात लाल अक्षरं. शिवजयंती. सुट्टी. अठरा रविवार.

"मावशे, चहा ठेव खाली. आजच द्यायचीय."

"आज?"

"आजच! पोस्टानं नाय जमणार, पोचल्याची तारीख धरतात. हातानं द्यायची. काकांना फोन लाव, सही त्यांची लागंल."

करारावर कंपनीच्या ऑफिसची वेळ लिहिलेली होती, शनिवारी दोनपर्यंत. घड्याळात बारा वीस. मी नोटीस टाइप करायला घेतली. आयुष्यात एवढ्या स्पीडनं बोटं कधी पळाली नसतील. आठ ओळी. दोन प्रती. एक त्यांना, एक पोच म्हणून आपल्याला.

काका आले ते रमतगमत. एकच्या पुढं काटा गेलेला.

"काय आग लागली का? शिवरात्रीला अजून—"

"अहो, तुमच्या पाडव्यानं घर बुडवलं असतं!" मावशी म्हणाली. "करा सही!"

"पाडव्याला केला करार. पाडव्यालाच संपणार ना?"

"कंपनी तुमचा पाटील हाय का, पाडव्याला नारळ द्यायला?"

काकांनी करार बघितला, कॅलेंडर बघितलं, माझ्या टिकल्या बघितल्या. तोंड उतरलं. सही केली.

स्कूटीवर तिघं बसलो. चूक आहे, मान्य आहे. गजानन महाराज मंदिराचा चौक, सेव्हन हिल, मग जालना रोड. जयंतीची तयारी, सगळीकडं भगवे झेंडे. आकाशवाणीच्या सिग्नलला पोलीस दिसला तशी मावशी आपोआप उतरली, चौक चालत पार केला आणि पुढं येऊन परत बसली. एवढ्या टेन्शनमधी पण मला हसू आलं. मोंढा नाक्याला ट्रॅक्टरवर मंडपाचे बांबू आडवे. दहा मिनिटं जागेवर. काका मधून म्हणायचे, "बन्सी, आडवी घाल," आणि मावशी मागून, "नीट चालव!"

क्रांती चौकाच्या अलीकडच्या गल्लीत ऑफिस. एक सत्तेचाळीस. काचेच्या दाराशी एक पोरगी पर्स खांद्याला लावून कुलूप शोधत होती.

"मॅडम, नोटीस द्यायचीय. पोच पाहिजे."

"साहेब नाहीत. मंगळवारी या."

"मंगळवारी उशीर होतो."

"मग मी काय करू? साहेबांशिवाय मी काही घेत नाही." तिनं साहेबांना फोन लावून काकांकडं दिला. साहेब लई गोड बोलले. "अहो काका, घाई काय? मंगळवारी निवांत या, बसून बोलू. आपण घरचेच."

मी करार दाखवला, तर पोरगी म्हणे मला कायदा कळत नाही. मलापण कुठं कळतो.

तेव्हा सोनाजीकाका पुढं झाले. आवाज एकदम वेगळा, गेटवरचा.

"बाई, आवक रजिस्टर कुठंय?"

"आत आहे. का?"

"मी वीस वर्षं कंपनीच्या गेटवर होतो. कागद आला की नंबर पडतो, शिक्का पडतो. साहेब असो, नसो. साहेब कागद मान्य करतो का नाय ते साहेब बघंल. तुमी फक्त आला एवढं लिहायचं. आणि कागद आलेला असताना परत पाठवला, तर उद्या नाव साहेबाचं नाय, तुमचं येतं."

तिनं दार परत उघडलं. रजिस्टर काढलं, नंबर टाकला, शिक्का उचलला, धाडकन दोन्ही प्रतींवर मारला. मावशीनं डोळे मिटून सुस्कारा टाकला.

मी शिक्का वाचला. वाचायची सवय.

२० फेब्रुवारी.

"मॅडम! वीस!"

"व्हय की," ती म्हणाली. "शनिवारी निघताना पुढच्या कामाच्या दिवसाची तारीख फिरवून ठेवते मी. रविवार, मग जयंती, म्हणून वीस."

"वीसला मधले एकोणतीसच भरतात! एक दिवस कमी पडतो!" मी ओरडत होतो बहुतेक. मावशीनं माझा दंड धरला.

"पोरी," मावशी म्हणाली, "तुझी आई कुरडया करती का?"

"करते ना. फर्दापूरला."

"गच्चीवर?"

"पत्र्यावर."

"त्या पत्र्यावर तीन वर्षं कुणी बोर्ड उभा केला तर?"

पोरीनं मावशीकडं बघितलं, मग शिक्क्याकडं. नखानं चाकं मागं फिरवली. १९, १८, १७. दोन्ही प्रतींवर पहिला शिक्का आडव्या रेघेनं खोडला, शेजारी सही केली, नवा शिक्का मारला, आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: शनिवार, दुपारी १.५६. रजिस्टरात तीच तारीख. आपली प्रत काकांच्या हातात दिली.

काकांनी ती घडी न घालता छातीशी धरली, आणि स्कूटीवर तशीच धरून आणली.

साहेबांनी मंगळवारी फोन करून खूप घोळवलं. पाडवा अजून लांब आहे, विचार करा, बसून बोलू. काका एकच म्हणत राहिले, "आवक नंबर सांगू का?" मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं, करार पुढं चालणार नाही. बावीस मार्चला गॅसकटरवाले आले. संध्याकाळपर्यंत गच्ची उघडी.

पाडव्याला सकाळी मी वर गेलो, तर अकराच्या अकरा बायका होत्या. सरूबाई सगळ्यात पुढं, सोऱ्या दाबत. पांढऱ्या साडीवर कुरडयांच्या रांगा, आणि सात वाजताचं ऊन थेट त्यांच्यावर. जिथं बोर्डाचा मधला टेकू होता तिथल्या भोकात काकांनी गुढी रोवली होती.

"झालं," काका गुढीकडं बघत म्हणाले. "साल भरलं."

मावशीनं चिकाचं पातेलं खाली ठेवलं.

"तुमचं आज भरलं. बोर्डाचं एकोणीस दिवस आधीच भरलंय. उचला ते पातेलं."