झऱ्याची बातमी

मुंबईला मुलाकडे राहणारा सोनबा महाडच्या कोर्टाबाहेर अनुपमाच्या टायपिंगच्या दुकानात भावजयीविरुद्ध अर्ज द्यायला आला होता. भावजय गोदूबाईलाही त्याने पोलादपूरहून बोलावून घेतलं होतं. पेपरातली कॉपी केलेली बातमी त्याच्या मोबाइलवर आली होती:

"गोदूबाई सकपाळ यांनी बैठकीत सर्वांसमोर झऱ्यावरचा गावाचा हक्क सोडल्याचे लिहून हक्क मागितला. तेव्हा दिले. बागमालक मोरे यांनी"

"वाडीचं पाणी घालवलंस ना, वयनी?"

"नाय ओ भावोजी, मी उलट भांडले."

"मग हे काय हाय?"

अनुपमाला बातमीचा अर्धवट तुटलेला शेवट खटकला. तिने पेपरचं मूळ पान उघडलं. बातमी दोन रकान्यांत होती, आणि कॉपी करताना दोन्हींच्या ओळी आडव्या मिसळल्या होत्या. तिने आधी डावा रकाना खालपर्यंत लावला, मग उजवा, आणि तुटलेल्या ओळी जोडून परिच्छेद सलग केला.

"गोदूबाई सकपाळ यांनी झऱ्यावरचा गावाचा हक्क मागितला. तेव्हा बागमालक मोरे यांनी बैठकीत सर्वांसमोर हक्क सोडल्याचे लिहून दिले."

सोनबाला ते पटेना. त्याने पडद्यावरच्या रकान्यांवरून बोट फिरवत ओळ न् ओळ स्वतः वाचली. मग खाली मान घातली.

"अर्ज नको," तो म्हणाला.

"मला एकदा नीट इचारायचंत तरी," गोदूबाई म्हणाली आणि एकटीच एसटी स्टँडकडे निघाली.